बँकेनं कापलेले एक लाख पाच हजार कुणाच्या नावावर जमा आहेत?

*नमस्कार. मी मिरजेत राहतो, खाजगी कंपनीत नोकरीला आहे, पगार वर्षाला १८ लाख. मुलगा गेल्या सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये एमएस्सी करतोय. २०२५-२६ मध्ये मी माझ्या खात्यातून जूनमध्ये ६ लाख आणि ऑगस्टमध्ये ९ लाख फी भरली, जानेवारीत त्याच्या राहण्या-जेवणासाठी ४ लाख पाठवले. डिसेंबरमध्ये पत्नीच्या खात्यातून ५ लाख गेले. ऑगस्टमध्ये बँकेनं टीसीएस म्हणून २५ हजार जास्तीचे घेतले आणि जानेवारीत तर चक्क ८० हजार! पत्नीच्या ५ लाखांवर मात्र काहीच नाही. शिवाय मार्चमध्ये पत्नीच्या नावानं आम्हा दोघांची मे महिन्याची युरोप सहल ४ लाख ८० हजारांना बुक केली, तिथंही २४ हजार टीसीएस. पत्नी गृहिणी आहे, तिनं आजवर कधी रिटर्न भरलेलं नाही. ऑफिसात एक जण म्हणतो हे पैसे गेलेच समजा. दुसरा म्हणतो मुलाला तिथून रिटर्न भरून मागावे लागतील. नक्की खरं काय?*
*— एक वडील, मिरज*

नमस्कार.

तुमच्या ऑफिसातले दोघंही चुकलेत. पैसे गेलेले नाहीत, आणि मुलाला यातलं काहीही करायचं नाही. तुमचे १ लाख ५ हजार तुम्हाला मिळतील आणि सहलीवरचे २४ हजार तुमच्या पत्नीला. मात्र दोघांना आपापलं वेगळं रिटर्न भरावं लागेल. पत्नीचं रिटर्न भरणं तर ऐच्छिकही नाही, त्याचं कारण पुढे सांगते.

टीसीएस हा वेगळा कर नाही, हे आधी मनात पक्कं करा. पगारातून टीडीएस कापला जातो तेव्हा तुमचाच आयकर कंपनी तुमच्या नावानं सरकारात भरते. इथं ते काम बँक करते. फरक एवढाच की टीडीएस तुम्हाला येणाऱ्या पैशातून कापला जातो आणि टीसीएस तुम्ही पाठवत असलेल्या पैशावर वरून घेतला जातो. म्हणूनच ऑगस्टमध्ये ९ लाख पाठवताना खात्यातून ९ लाख २५ हजार गेले. हे २५ हजार बँकेनं तुमच्या पॅनवर जमा केलेत. पाठवणारा ज्याचा पॅन, जमा त्याच्याच खात्यात. पैसे कुणाच्या शिक्षणासाठी गेले, विद्यापीठाच्या पावतीवर कुणाचं नाव आहे, याचा त्या जमेशी संबंध नाही. मुलाच्या पॅनवर एक रुपयाही नाही, मग तो मागणार काय? पाठवणारा स्वतः अल्पवयीन असेल आणि त्याचं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात धरलं जात असेल, तर ही जमा पालकाच्या नावानं घेण्याची सोय १ जानेवारी २०२५ पासून कायद्यात आली आहे. एमएस्सी करणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही.

आता तुमचे आकडे पाहू. २०२५-२६ साठी नियम असा होता: एका व्यक्तीनं आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेल्या पहिल्या १० लाखांवर टीसीएस नाही. त्यापुढच्या रकमेवर शिक्षण किंवा वैद्यकीय उपचारासाठी ५ टक्के, आणि इतर कारणांसाठी २० टक्के. १० लाखांची ही मर्यादा सगळ्या कारणांना आणि सगळ्या बँकांना मिळून एकच असते, पण माणसागणिक वेगळी असते. तुमचे जूनचे ६ लाख मर्यादेत बसले. ऑगस्टच्या ९ लाखांनी बेरीज १५ लाखांवर गेली, म्हणजे ५ लाख वर गेले, त्याचे ५ टक्के २५ हजार. इथपर्यंत बँकेचा हिशेब अचूक आहे. पत्नीची १० लाखांची मर्यादा तिची स्वतंत्र, म्हणून तिच्या ५ लाखांना हात लागला नाही. तेही बरोबर.

गडबड झाली ती जानेवारीत. मर्यादा केव्हाच संपली होती, त्यामुळे चारही लाखांवर टीसीएस लागणारच होता. पण तो ५ टक्क्यांनी २० हजार व्हायला हवा होता, ८० हजार नव्हे. बँकेनं २० टक्के लावले याचा अर्थ तिथं कारण शिक्षणाचं पडलेलं नाही. पैसे पाठवताना तुम्ही सही केलेला ए-२ अर्ज काढून बघा. त्यात कारणाचा एक संकेतांक असतो. परदेशी शिक्षणासाठी तो `S0305` असतो, त्यात फी आणि वसतिगृहाचा खर्चही येतो. तुमच्या जानेवारीच्या अर्जावर बहुधा `S1301` असेल. तो जवळच्या नातेवाइकाच्या उदरनिर्वाहाचा. काउंटरवरच्या माणसानं विचारलं असेल, "कशासाठी पाठवताय?" तुम्ही म्हणाला असाल, "मुलाच्या खर्चाला." त्यानं त्याच्या समजुतीप्रमाणे खूण केली. आणि खरं सांगायचं तर आपण ए-२ अर्ज वाचून कुठे सही करतो?

शिकणाऱ्या मुलाचा रोजचा खर्च हा शिक्षणाचाच खर्च धरायचा, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं ३० जून २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. जाण्यायेण्याचं तिकीट, शिकवणी फी, बाकीची फी आणि अभ्यासासाठी लागणारा दैनंदिन खर्च, हे सगळं त्यात येतं. पुढच्या वेळी घरभाड्याचे, जेवणाचे पैसे पाठवतानाही विद्यापीठाचं प्रवेशपत्र सोबत द्या आणि अर्जावर `S0305` पडलंय हे बघूनच सही करा.

मग जास्त गेलेल्या ६० हजारांसाठी आता बँकेशी भांडायचं का? माझं मत विचाराल तर नको. बँकेनं ते सरकारात भरून टाकलेत, तिमाही विवरणपत्रात दाखवलेत, आता ते बँकेकडे नाहीतच. दर चुकीचा लागला म्हणून तुमची जमा कमी होत नाही, ८० हजारच्या ८० हजार तुमच्या नावावर आहेत. नुकसान झालं ते इतकंच की ६० हजार रुपये काही महिने सरकारकडे अडकले.

आता ते परत कसे येतात ते पाहू. आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅननं शिरून २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडा. त्यातल्या सहाव्या भागात टीसीएस असतो. तिथं बँकेचं नाव, तिचा टॅन क्रमांक, किती रकमेवर किती टीसीएस घेतला आणि किती जमा केला, हे ओळीनं दिसेल. तुमच्या दोन नोंदी हव्यात: २५ हजार आणि ८० हजार. जानेवारी ते मार्चच्या टीसीएसचं विवरणपत्र भरायला बँकांना १५ मे पर्यंत मुदत असते, म्हणून एप्रिलमध्ये बघून "दिसत नाही" असा घोर लावून घेणारे बरेच जण मला फोन करतात. आता जून सुरू आहे, दिसायला हवं. बँकेकडून फॉर्म २७डी हा टीसीएसचा दाखलाही मागून घ्या आणि दोन्ही जुळवा.

नोंद दिसत नसेल, किंवा पत्नीच्या पॅनवर दिसत असेल, तर मात्र बँकेचं दार ठोठवावंच लागतं. संयुक्त खातं असतं तेव्हा हे हमखास होतं: अर्ज नवऱ्याचा, खात्यात पहिलं नाव बायकोचं, आणि विवरणपत्रात पडतो बायकोचा पॅन. अशा वेळी बँकेला तिचं विवरणपत्र दुरुस्त करायला लावायचं, त्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा २६एएस पाहायचं आणि मगच रिटर्न भरायचं. २६एएसमध्ये नसलेली रक्कम रिटर्नमध्ये दाखवली तर छाननीत ती सरळ उडवली जाते आणि परताव्याऐवजी मागणीचा कागद येतो. नंतर दुरुस्तीचा अर्ज करून ती मिळवता येते, पण त्या खटाटोपापेक्षा आधी बँकेत दोन खेपा घातलेल्या बऱ्या.

रिटर्नमध्ये `Schedule TCS` नावाचा तक्ता असतो. पगारदारांच्या साध्या आयटीआर-१ मध्येही तो आहे. बहुतेक वेळा तो आधीच भरलेला येतो, पण त्यात दोन्ही नोंदी आल्यात का आणि "या वर्षी किती जमा मागताय" या रकान्यात पूर्ण रक्कम आहे का, ते स्वतः तपासा. तो रकाना रिकामा राहिल्यामुळे परतावा शून्य आलेली रिटर्न्स मी पाहिलेली आहेत.

तुमचा हिशेब मांडून दाखवते. नवी करप्रणाली धरते, आणि मुदत ठेवींवर वर्षाचं ६० हजार व्याज आलं असं समजते, कारण फी भरायला ठेवी मोडल्या तरी थोड्याफार राहिल्याच असतील. पगार १८ लाख, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट, राहिले १७ लाख २५ हजार. त्यात व्याज मिळवून १७ लाख ८५ हजार. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, ८ ते १२ वर १० टक्क्यांनी ४० हजार, १२ ते १६ वर १५ टक्क्यांनी ६० हजार आणि उरलेल्या १ लाख ८५ हजारांवर २० टक्क्यांनी ३७ हजार. बेरीज १,५७,०००. त्यावर ४ टक्के उपकर ६,२८०. एकूण कर १,६३,२८०.

आता जमेची बाजू. कंपनीनं फक्त पगाराचा हिशेब करून १,५०,८०० कापले असतील. बँकेनं व्याजावर १० टक्क्यांनी ६,००० कापले. या दोन्हींची बेरीज १,५६,८००, म्हणजे टीसीएस नसता तर तुम्हाला खिशातून ६,४८० रुपये भरावे लागले असते. टीसीएसचे १,०५,००० मिळवले की जमा होते २,६१,८००. त्यातून कर वजा केला की परतावा ९८,५२० रुपये. व्याजावरचा तुमचा कमी पडलेला कर टीसीएसमधूनच भागला आणि उरलेलं परत आलं. "मी १ लाख ५ हजार भरले आणि आले अठ्ठ्याण्णवच" अशी तक्रार करणाऱ्यांना हे ६,४८० कुठे गेले ते कुणी सांगितलेलं नसतं.

रिटर्न ३१ जुलैच्या आत भरलंत तर परताव्यावर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळतं. परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर ते मिळत नाही, पण तुमचा बराच जास्त आहे. समजा जुलैमध्ये पैसे आले, तर चार महिन्यांचे साधारण १,९७० रुपये होतात. ते पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायला विसरू नका.

एक गोष्ट मात्र परत मिळणार नाही. चलन बदलण्याच्या सेवेवर बँक जीएसटी लावते आणि पाठवणीचं शुल्कही घेते. बँकेच्या कागदावर हे टीसीएसच्या शेजारीच छापलेलं असतं, म्हणून पुष्कळ जण सगळं एकत्र करून परतावा किती येईल त्याचा अंदाज बांधतात. ते पैसे खर्चात गेले.

आता तुमच्या पत्नीबद्दल, कारण खरी अडचण इथंच होण्यासारखी आहे.

सहलीचा नियम शिक्षणाहून निराळा. २०२५-२६ मध्ये परदेशी सहलीच्या पॅकेजवर पहिल्या रुपयापासून ५ टक्के होते, आणि १० लाखांच्या वर २० टक्के. तिथं सूट अशी नव्हतीच. ४ लाख ८० हजारांचे ५ टक्के २४ हजार, बरोबर. (पॅकेज कशाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे: आंतरराष्ट्रीय तिकीट, हॉटेलातला मुक्काम आणि तशाच प्रकारचा इतर खर्च, यांतल्या किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या तर ते पॅकेज. नुसतं विमानाचं तिकीट काढलंत तर ते पॅकेज होत नाही.) सहल मेमध्ये झाली तरी पैसे मार्चमध्ये दिलेत, म्हणून हा टीसीएस २०२५-२६ चा. तो सहल कंपनीनं तुमच्या पत्नीच्या पॅनवर भरलाय. तिचं करपात्र उत्पन्न नाही, म्हणजे २४ हजारच्या २४ हजार तिला परत यायला हवेत. पण रिटर्न भरल्याशिवाय सरकारला ते कसं कळणार? आणि "राहू दे, मीच माझ्या रिटर्नमध्ये दाखवतो" असं तुम्हाला करता येणार नाही. पैसे तुम्हीच दिलेले असले तरी नाही. पॅन तिचा आहे.

आता ऐच्छिक नाही म्हटलं ते का. स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या परदेश प्रवासावर वर्षात २ लाखांपेक्षा जास्त खर्च केला, तर उत्पन्न शून्य असलं तरी रिटर्न भरणं कायद्यानं बंधनकारक आहे. तुमच्या पत्नीच्या नावानं ४ लाख ८० हजार गेलेत. रिटर्नच्या सुरुवातीला याबद्दल एक प्रश्न येतो, त्याला "होय" म्हणायचं आणि रक्कम लिहायची. आणखीही एक नियम आहे: वर्षात टीडीएस आणि टीसीएस मिळून २५ हजार किंवा जास्त झाले तरी रिटर्न भरावंच लागतं, ज्येष्ठ नागरिकांसाठी ती मर्यादा ५० हजार. तिच्या बाबतीत ते हजार रुपयांनी हुकलं, पण प्रवासाच्या खर्चानं गाठलंच.

पहिल्यांदाच रिटर्न भरताना लोक अडतात ते परताव्याच्या खात्यापाशी. तिच्या नावाचं बँक खातं संकेतस्थळावर आधी प्रमाणित झालेलं हवं, खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळायला हवं आणि पॅन आधारशी जोडलेला हवा. आपल्याकडे पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि बँकेत तिसरंच काहीतरी, अशी गंमत घरोघरी असते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती निस्तरत बसू नका, आत्ताच बघा.

"घरच्या बाईचे एवढे पैसे आले कुठून?" अशी शंका तुम्हाला येईल. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या भेटीवर तिला कर लागत नाही. तुमच्या खात्यातून तिच्या खात्यात पैसे गेल्याची नोंद असली की पुरे. तुमच्या स्वतःच्या बाबतीतही मुलासाठी पाठवलेले १९ लाख आले कुठून, याचे कागद एकत्र ठेवा: कुठली ठेव मोडली, भविष्य निर्वाह निधीतून किती काढले. ही पाठवणी तुमच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते आणि १८ लाख पगारात १९ लाख परदेशी गेले हे यंत्राच्याही नजरेला येतं. विचारणा झालीच तर बँकेचा उतारा हेच उत्तर.

उशीर झाला तर? ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरून परतावा मागता येतो, पण व्याज घटतं आणि विलंब शुल्क लागू शकतं. त्यानंतर गोष्ट अवघड होते. अद्ययावत माहितीचं जे रिटर्न पुढे काही वर्षं भरता येतं, त्यातून परतावा मागताच येत नाही, ते फक्त जास्तीचा कर भरण्यासाठी आहे. काही काळापूर्वी माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. मुलीची दोन वर्षांची फी आईच्या खात्यातून गेलेली, आईचं रिटर्न एकदाही भरलेलं नाही, कारण "उत्पन्नच नाही तर रिटर्न कसलं?" टीसीएस सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा आयुक्तांकडे विलंब माफ करण्याचा अर्ज करावा लागला. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तसा अर्ज करता येतो. पैसे मिळाले, पण अर्ज, कारणं, कागद आणि वाट बघणं यात वर्ष गेलं, आणि अशा परताव्यावर व्याज मिळत नाही.

पुढच्या वर्षाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मुलाचा मुक्काम वाढला किंवा धाकट्या भावंडाची पाळी आली तर उपयोगी पडेल म्हणून दोन गोष्टी सांगते.

ऑगस्टमध्ये २५ हजार गेले तेव्हाच तुम्ही कंपनीच्या पगार विभागाला कळवायला हवं होतं. ऑक्टोबर २०२४ पासून नोकरदारांना आपला टीसीएस फॉर्म १२बीएए भरून मालकाला कळवता येतो, आणि मालक तेवढा टीडीएस पगारातून कमी कापतो. तुमचा टीडीएस महिन्याला साधारण साडेबारा हजार. सप्टेंबरमध्ये कळवलं असतंत तर दोन पगार जवळजवळ टीडीएसशिवाय हातात आले असते आणि २५ हजार तिथंच वसूल झाले असते. जानेवारीच्या ८० हजारांचं मात्र तसं पूर्ण जमलं नसतं. फेब्रुवारी आणि मार्च मिळून टीडीएसच पंचवीस हजारांचा, आणि मालक टीडीएस शून्यावर आणू शकतो, उलटे पैसे देऊ शकत नाही. बाकीचे रिटर्नमधूनच आले असते. मालकाला कळवलं तरी रिटर्नमध्ये टीसीएस दाखवावाच लागतो. नाहीतर टीडीएस कमी आणि टीसीएस गायब, असा हिशेब होऊन उलटी मागणी निघते. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, त्यात कलमं आणि अर्ज यांची नावं-क्रमांक निराळे, म्हणून पगार विभागात क्रमांक न सांगता "टीसीएस कळवायचा अर्ज द्या" असंच म्हणा. तुमचं आत्ताचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याखालचं आहे, त्यात गोंधळू नका.

दुसरी गोष्ट, पाठवणी दोघांत वाटण्याची. जानेवारीचे ४ लाख तुमच्याऐवजी पत्नीच्या खात्यातून गेले असते तर तिची बेरीज ९ लाख झाली असती, १० लाखांच्या आत, म्हणजे शून्य टीसीएस. मग संकेतांक चुकला असता तरी काही बिघडलं नसतं. यात लपवाछपवी काही नाही, मर्यादा माणशी आहे. फक्त खातं तिचं, ए-२ अर्जावर सही तिची आणि पॅन तिचा हवा. सहलीच्या पॅकेजचे पैसे या १० लाखांत धरले जात नाहीत, त्याचा हिशेब वेगळा चालतो.

शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर एप्रिल २०२५ पासून त्यातून पाठवलेल्या पैशावर टीसीएस अजिबात नाही. पण कर्ज बँकेचं किंवा सरकारनं त्यासाठी अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचं हवं आणि पैसे कर्जखात्यातून सरळ विद्यापीठाला गेलेले बरे. कर्ज आधी बचत खात्यात घेतलं आणि तिथून पाठवलं, तर बँकेला ते तुमचेच पैसे दिसतात. सोनं तारण ठेवून किंवा घरावर काढलेलं कर्ज फीसाठी वापरलं तरी ते या सवलतीत बसत नाही. आणि मंजूर कर्जाबाहेर स्वतःच्या खिशातून जो वाटा भरता, त्याला नेहमीचाच नियम.

१ एप्रिल २०२६ पासून दरही उतरलेत. शिक्षण आणि उपचारासाठी १० लाखांपुढे ५ ऐवजी २ टक्के, आणि सहलीच्या पॅकेजवर रक्कम कितीही असो, सरसकट २ टक्के. इतर कारणांचे २० टक्के तसेच आहेत. म्हणजे संकेतांक चुकण्याची किंमत आता जास्त झाली: तुमच्या जानेवारीसारखे ४ लाख मर्यादेपुढे पाठवलेत तर बरोबर संकेतांकावर ८ हजार, आणि चुकीच्यावर तेच ८० हजार.

या आठवड्यात दोघांची २६एएस काढा. त्यात तुमच्या नावावर १,०५,००० आणि पत्नीच्या नावावर २४,००० दिसले तर लगेच रिटर्न भरायला घ्या. न दिसले तर ज्यानं टीसीएस घेतला, ती बँक किंवा सहल कंपनी, तिला लेखी कळवून पोच घ्या, आणि त्या पत्रात पॅन, तारीख आणि रक्कम तिन्ही लिहा.